व्हायव्हाची प्रश्नपेढी: एका टायफॉइडच्या जंतूवरून

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची मायक्रोबायोलॉजीची वही उघडून तिच्यात टायफॉइडचा जंतू शोधायला बसलात, तर तो एका जागी सापडत नाही. कल्चर मीडियाच्या तासाला विल्सन-ब्लेअरचं नाव येऊन गेलेलं असतं आणि त्याखाली ‘काळ्या, चकाकणाऱ्या कॉलनीज’ एवढंच लिहिलेलं असतं. अँटिजन-अँटिबॉडी रिअ‍ॅक्शनच्या तासाला ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशनचं उदाहरण म्हणून विडाल येते. कॅरिअर म्हणजे काय, हे सुरुवातीच्या सामान्य भागात कधीतरी होऊन जातं. लसी वेगळ्या तासाला, औषधांना दाद न देणं आणखी वेगळ्या. 2019 च्या बॅचपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि जंतू संस्थांप्रमाणे शिकवले जाऊ लागले, तेव्हापासून ही पांगापांग वाढलीच आहे. रक्तातल्या संसर्गांत एक तुकडा, पचनसंस्थेत दुसरा.

व्हायव्हाच्या टेबलावर मात्र हे सगळं एका दमात विचारलं जातं. परीक्षक विडालच्या नळ्यांचा रॅक पुढे सरकवतात, ‘हे काय आहे?’ इथून सुरुवात होते आणि पाच मिनिटांत गाडी पित्ताशयापर्यंत पोहोचते. म्हणून व्हायव्हाची प्रश्नपेढी तासांच्या क्रमाने करून उपयोग नाही, ती जंतूगणिकच करावी लागते. पण जंतूगणिक म्हणजे प्रत्येक जंतूच्या नावाखाली आकार, मीडिया, रोग, निदान, उपचार असे तेच ते खण पाडून ते भरत सुटणं नव्हे. तसं केलं की पेढी दिसायला नीटनेटकी होते, पण तोंडी परीक्षेत एका प्रश्नावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. प्रत्येक जंतूची एक गोष्ट अशी असते, की ती नीट कळली तर बाकीचे निम्मे प्रश्न तिच्यातूनच निघतात. ही त्याची आई-गोष्ट. ती आधी हुडकायची आणि प्रश्न तिच्याभोवती लावायचे. साल्मोनेला टायफी घेऊन हे कसं करायचं ते पाहू.

पहिलं काम प्रश्न लिहिण्याचं नाहीच. सगळी वही एकदा चाळायची आणि जिथे जिथे एखाद्या जंतूचं नाव किंवा त्याची खूण येते तिथे समासात त्याचं लघुरूप टाकायचं: टायफीसाठी ‘टाय’, स्टॅफसाठी ‘स्टॅ’, कॉलराच्या जंतूसाठी ‘कॉ’. नाव लिहिलेलं नसेल तिथेही थांबायला शिकावं लागतं. ‘कॅस्टानेडा बाटली’ या ओळीत टायफीचा उल्लेख नसेल, पण ती ओळ टायफीचीही आहे आणि ब्रुसेलाचीही. सामान्य भागाच्या वहीत अशा अनाम ओळी बऱ्याच निघतात आणि नेमक्या त्याच पेढीतून सुटतात, कारण प्रश्न काढणारा माणूस थेट ‘साल्मोनेला’ मथळ्याच्या तासापासून सुरुवात करतो. या फेरीत काहीही उतरवायचं नाही, फक्त खुणा. उतरवण्याच्या नादात वाचन अर्ध्यात थांबतं आणि वहीचा शेवटचा तृतीयांश नेहमी उपाशी राहतो.

मग त्या खुणांवरून एका जंतूचं सगळं साहित्य एका कागदावर आणायचं. टायफीच्या बाबतीत त्या कागदावर साधारण हे जमा होतं: ग्रॅम निगेटिव्ह, हलणारा बॅसिलस, लॅक्टोज आंबवत नाही, ग्लुकोजमधून आम्ल करतो पण गॅस करत नाही, ओ, एच आणि व्हीआय अँटिजन, पेयर्स पॅचेस, बाइल ब्रॉथ, पहिल्या आठवड्यात रक्त, पुढे शौच आणि लघवी, विडाल, पित्ताशय, लस. पाहिलं तर ही नुसती यादी आहे. आता तिच्यातली आई-गोष्ट कोणती?

टायफीची आई-गोष्ट म्हणजे त्याचा शरीरातला प्रवास. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून जंतू लहान आतड्यात येतो, एम पेशींमधून पेयर्स पॅचेसमध्ये शिरतो, तिथून मेसेंटरिक लसिका ग्रंथी आणि थोरॅसिक डक्टमार्गे रक्तात उतरतो. हा रक्तातला पहिला फेरा थोडका असतो आणि पेशंटला बहुतेक कळतही नाही. मग तो यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेजेसमध्ये बसून वाढतो. तिथून मोठ्या संख्येने पुन्हा रक्तात येतो तेव्हा ताप सुरू होतो. पित्ताशयात तो चांगलाच रुजतो, कारण पित्त त्याला मानवतं. पित्ताबरोबर परत आतड्यात उतरतो, पेयर्स पॅचेसवर दुसऱ्यांदा चढाई होते, तिथे व्रण होतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतडं फुटण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका तयार होतो.

आता वरची यादी या प्रवासाशेजारी ठेवा. पहिल्या आठवड्यात रक्त का, कारण ताप सुरू होतो तेव्हा जंतू रक्तात असतो. शौचाचं कल्चर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जास्त का जमतं, कारण पित्तातून तो आतड्यात परत आलेला असतो. अँटिबायोटिक सुरू झाल्यावरही अस्थिमज्जेचं कल्चर का जमतं, कारण तिथे तो पेशींच्या आत दडलेला असतो. विडाल पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह का, कारण अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो. कॅरिअर पित्ताशयाचाच का, बाइल ब्रॉथमध्ये पित्ताचे क्षार का, तिसऱ्या आठवड्यात पोट दुखायला लागलं तर सर्जनला का बोलवायचं, हे सगळं त्याच प्रवासात आहे. यातलं एकही उत्तर वेगळं पाठ करायची गरज उरत नाही.

इतर जंतूंनाही अशी आई-गोष्ट असते, पण ती प्रवासच असेल असं नाही. धनुर्वाताच्या जंतूची आई-गोष्ट त्याचं विष आहे: जंतू जखमेतच राहतो, विष मज्जातंतूंतून वर जातं, म्हणून निदान पेशंटकडे पाहून करायचं आणि कल्चरची वाट बघायची नाही. घटसर्पाचंही विषच, म्हणून अँटिटॉक्सिन आधी आणि प्रयोगशाळेचा निकाल नंतर. क्षयाच्या जंतूची आई-गोष्ट त्याची मायकोलिक आम्लाची मेणचट भिंत. तो अ‍ॅसिड-फास्ट का, साध्या ग्रॅम रंगात धड का दिसत नाही, ही उत्तरं भिंतीकडेच जातात. जंतूची आई-गोष्ट सापडत नसेल तर तो जंतू अजून समजलेला नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि अशा वेळी त्यावर तीस प्रश्न लिहून काही साधत नाही.

आता वहीतल्या वाक्याचे प्रश्न करणं. वहीत एक ओळ आहे: ‘5–10 मिली रक्त बाइल ब्रॉथमध्ये, 1:10 प्रमाण’. यावरून बहुतेक जण लिहितात, ‘टायफॉइडमध्ये ब्लड कल्चरबद्दल सांगा’. हा व्हायव्हाचा प्रश्न नाही, लेखी परीक्षेतल्या टिपेचा मथळा आहे. तोंडी प्रश्नाचं उत्तर दोन-तीन वाक्यांत संपायला हवं, म्हणजे बोलून अर्ध्या मिनिटाच्या आत. याच ओळीतून असे प्रश्न निघतात: किती रक्त घ्याल? इतकं का, दोन मिली का नाही? ते दहापट ब्रॉथमध्येच का घालायचं? ब्रॉथमध्ये पित्ताचे क्षार कशासाठी? पेशंटने आधीच दोन दिवस अँटिबायोटिक घेतलं असेल तर काय कराल?

उत्तरंही तशीच आटोपशीर. प्रौढ पेशंटच्या रक्तात जंतूंची संख्या फार कमी असते, अनेकदा एका मिलिलिटरला एखाद-दुसराच, म्हणून रक्त जास्त लागतं. रक्तात स्वतःचे जंतुनाशक घटक असतात, कॉम्प्लिमेंट, अँटिबॉडी, आणि घेतलेलं औषधही; दहापट पातळ केलं की त्यांचा जोर कमी होतो. पित्ताचे क्षार टायफीला चालतात आणि इतर बऱ्याच जंतूंना रोखतात. अँटिबायोटिक सुरू असेल तर रेझिन असलेल्या स्वयंचलित बाटल्या वापरता येतात, आणि निदान अडलंच तर अस्थिमज्जा. शेवटचा प्रश्न वहीत कुठेच नव्हता, हे लक्षात घ्या. वहीतल्या ओळीला ‘का’ आणि ‘नाही जमलं तर’ हे दोन विचारले की असे प्रश्न आपसूक येतात, आणि पास-नापासाच्या सीमेवर नसलेल्या मुलांना परीक्षक नेमके हेच विचारतात.

हे प्रश्न सुटे ठेवायचे नाहीत, शिडीसारखे एकाखाली एक लावायचे. विडालच्या टेबलावरची एक शिडी अशी असते.

‘हा रॅक कशाचा?’

‘विडाल टेस्टचा, सर.’

‘पेशंटच्या रक्तात काय शोधताय?’

‘साल्मोनेलाविरुद्धच्या अँटिबॉडी. अँटिजन आपण बाटलीतून घालतो.’

‘दोन प्रकारच्या नळ्या का?’

‘एचसाठी निमुळत्या बुडाच्या ड्रायर्स ट्यूब आणि ओसाठी गोल बुडाच्या फेलिक्स ट्यूब. एचचं अ‍ॅग्लुटिनेशन कापसाच्या पुंजक्यासारखं सैल असतं, ओचं दाणेदार आणि घट्ट.’

‘ठीक. या रांगेतला टायटर वाचून दाखवा.’

इथपर्यंत बहुतेक जण येतात. शिडीची पुढची पायरी अवघड असते: ‘ओ 1:160 आला. टायफॉइड आहे का?’ इथे ‘हो’ म्हणणारा घसरतो. एका टायटरवरून निदान पक्कं होत नाही. तो कुठल्या आठवड्यातला आहे, त्या भागातल्या निरोगी माणसांत सहसा किती टायटर सापडतो, पेशंटने लस घेतली होती का, आठवड्याभराने पुन्हा केल्यावर चौपट वाढला का, हे बघावं लागतं. दुसऱ्याच कुठल्या तापात जुन्या अँटिबॉडी वर येतात, त्याला अ‍ॅनाम्नेस्टिक रिस्पॉन्स म्हणतात. उलट बाजूही विचारली जाते: टायफॉइड असून विडाल निगेटिव्ह केव्हा? फार लवकर केली तर, औषध लवकर सुरू झालं तर, किंवा पहिल्या नळ्यांत अँटिबॉडी अतोनात असल्याने प्रोझोन झाला तर. आणि सगळ्यात वरची पायरी: पॅराटायफीचे एच अँटिजन वापरता, मग ओ का नाही? कारण टायफीच्या ओमधला 12 क्रमांकाचा घटक पॅराटायफी ए आणि बीमध्येही असतो, त्यामुळे एकाच ओने भागतं.

शिडी लावताना प्रत्येक पायरीशेजारी तिच्यावरचं चुकीचं उत्तरही लिहावं. साधा उपाय, पण पेढीत सर्वांत जास्त उपयोग याच रकान्याचा होतो. विडालबाबत वह्यांमध्ये वारंवार दिसणारी चूक म्हणजे ‘ओ अँटिजन आधी वाढतो’. अँटिजन वाढत नाही, तो बाटलीतून आलेला आहे. पेशंटच्या सीरममध्ये ओविरुद्धची अँटिबॉडी आधी वाढते आणि आधी उतरते, एचविरुद्धची जास्त काळ टिकते. व्याख्यानात वेगाने ‘ओ आधी, एच नंतर’ म्हटलं जातं आणि उतरवणारा आपल्या मनाने शब्द भरतो. पेढीत तसंच गेलं की ती चूक पुढच्या तीन बॅचपर्यंत जाते.

आकड्यांवर इथे थोडं थांबायला हवं, कारण वहीतले आकडे आपसांत भांडतात. ओसाठी 1:100 आणि एचसाठी 1:200 हा महत्त्वाचा टायटर बऱ्याच पाठ्यपुस्तकांत आहे. पण प्रॅक्टिकलच्या रॅकमध्ये पातळीकरण 1:20 पासून दुपटीने जात असेल, 20, 40, 80, 160, 320, तर 1:100 ही नळी तिथे नसतेच! मग ‘1:100 च्या वर’ याचा व्यवहारातला अर्थ 1:160 पासून पुढे. हे ज्याने एकदा नळ्यांशेजारी बसून पाहिलं नाही, तो ‘1:100 पॉझिटिव्ह आहे’ असं म्हणतो आणि परीक्षक विचारतात, ‘कुठली नळी?’ आणखी एक खाच: सीरमचं 1:10 पातळीकरण समान अँटिजनमध्ये मिसळलं की अंतिम पातळीकरण 1:20 होतं. कोणी आधीचं लिहितो, कोणी नंतरचं. म्हणून पेढीत टायटरच्या आकड्यापुढे ‘अंतिम’ हा शब्द हवाच.

तसंच ब्लड कल्चरचं. पहिल्या आठवड्यात 90 टक्के, दुसऱ्यात 75, तिसऱ्यात 60 हे आकडे परंपरेने शिकवले जातात आणि परीक्षेत ते अपेक्षितही असतात. पण आज वॉर्डात पेशंट येतो तेव्हा त्याच्या पोटात गल्लीतल्या दवाखान्याचं अँटिबायोटिक गेलेलं असतं, आणि प्रत्यक्षात एका ब्लड कल्चरवर सुमारे 60 टक्के किंवा त्याहूनही कमी पेशंट सापडतात. पेढीत दोन्ही लिहायचे, पण एकाच उत्तरात कालवायचे नाहीत. ‘पुस्तकातला क्रम’ आणि ‘प्रत्यक्षात कमी, कारण आधीचं औषध’ असं वेगळं. परीक्षकांना क्रम हवा असतो, टक्केवारीचा अट्टहास सहसा नसतो. शंका असेल तर आकडा न सांगता क्रम सांगणं बरं.

ज्या ओळी लवकर शिळ्या होतात त्यांच्यापुढे साल टाकलंच पाहिजे. औषधांच्या ओळी यात पहिल्या. क्लोरॅम्फेनिकॉल 1948 पासून टायफॉइडवर वापरात आलं आणि त्याने मृत्यू झपाट्याने कमी केले. 1972 मध्ये केरळमध्ये त्याला न जुमानणाऱ्या टायफीची साथ आली, त्याच साली मेक्सिकोतही. पुढे क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल या तिन्हींना दाद न देणारे जंतू पसरले. मल्टिड्रग रेझिस्टंट म्हणतात ते हेच. मग सिप्रोफ्लोक्सासिनवर भिस्त गेली, तीही आपल्याकडे ढासळली. 2016 पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा एक्सडीआर टायफी पसरला. जुन्या सीनिअरच्या नोट्समध्ये अजून ‘ड्रग ऑफ चॉइस: क्लोरॅम्फेनिकॉल’ असं लिहिलेलं आढळतं. त्या ओळीपुढे साल असतं तर ती इतिहासाच्या प्रश्नात गेली असती, उपचाराच्या नाही.

लसींचंही तेच. जुन्या वह्यांत टीएबी लस आहे, ती आता फक्त नावाला माहीत असावी. टीवाय21ए ही तोंडाने घ्यायची जिवंत लस आणि व्हीआय पॉलिसॅकराइडची 25 मायक्रोग्रॅमची एकच मात्रा, या दोन्हींवर प्रश्न येतात. व्हीआय पॉलिसॅकराइड दोन वर्षांखालच्या मुलांना का देत नाहीत, हा त्यातला खरा प्रश्न: नुसतं पॉलिसॅकराइड टी पेशींची मदत घेत नाही आणि इतक्या लहान मुलांत त्याला नीट प्रतिसाद मिळत नाही. त्याला प्रथिन जोडलं की हा अडसर दूर होतो आणि लस सहा महिन्यांपासून देता येते. अशी कॉंज्युगेट लस नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये मोहीम काढून मुलांना दिली होती. महाराष्ट्रातल्या परीक्षेत हे उदाहरण माहीत असलेलं बरं.

पेढी ठेवायची कशात? वहीतही चालते, पण सारख्या प्रकारचे प्रश्न वेगवेगळ्या जंतूंतून काढायचे असतील तर स्प्रेडशीट सोयीची. एका पानावर सहा रकाने पुरतात: जंतू, शिडीतला क्रमांक, प्रश्न, उत्तर, चुकीचं उत्तर, आणि शेवटी खूणशब्द. सातवा रकाना हवाच असेल तर तो वहीच्या पानाचा क्रमांक आणि साल यांचा. यापेक्षा जास्त रकाने पाडले की भरणं मागे पडतं आणि पेढी महिनाभरात ओस पडते.

खूणशब्दांचा रकाना महत्त्वाचा आहे, कारण जंतूगणिक मांडणीची एक मोठी उणीव त्याने भरून निघते. परीक्षक नेहमी जंतूपासून सुरुवात करत नाहीत. कधी टेबलावर कॅस्टानेडा बाटली ठेवतात, कधी विचारतात, ‘दहा दिवस ताप आहे, काय काय मनात येईल?’, कधी ‘कॅरिअर अवस्था असलेले तीन जंतू सांगा’. जंतूच्या नावाने पाठ केलेल्याला असा आडवा प्रश्न आला की गोंधळायला होतं. म्हणून प्रत्येक ओळीला तीन-चार खूणशब्द द्यायचे: वस्तू, लक्षण, तत्त्व. मग कॅरिअरवरचे सगळे प्रश्न, टायफी असो, घटसर्प असो वा मेनिंगोकोकस, दुसऱ्या पानावर एका सूत्राने गोळा होतात:

```
=FILTER(Bank!A2:F, REGEXMATCH(Bank!F2:F, "carrier"))
```

हे सूत्र गूगल शीट्सचं आहे. त्यात `Bank` हे मुख्य पानाचं नाव आणि `F` हा खूणशब्दांचा रकाना. खूणशब्द एकाच स्पेलिंगने लिहिले नाहीत तर ओळी गळतात. `Carrier` आणि `carrier` हे या सूत्राला वेगळे शब्द आहेत. त्यामुळे सुरुवातीलाच खूणशब्दांची छोटी यादी ठरवून घ्यावी आणि तिच्याबाहेर जाऊ नये.

टीएसआयवरची शिडी जरा सविस्तर बघण्यासारखी आहे, कारण ती नुसती पाठ करून भागत नाही. ट्रिपल शुगर आयर्न अगारमध्ये ग्लुकोज 0.1 टक्के आणि लॅक्टोज, सुक्रोज प्रत्येकी 1 टक्का. टायफी घातला की उतार लाल, बूड पिवळं, गॅस नाही आणि मध्ये एचटूएसचा काळा ठिपका जेमतेम. प्रश्न असा: उतार लाल कसा, टायफी तर ग्लुकोज आंबवतो? आधी पूर्ण नळी पिवळीच होते. ग्लुकोज थोडं असल्याने लवकर संपतं, आणि उतारावर हवा मिळते तिथे जंतू पेप्टोन वापरायला लागून ते परत अल्कलाइन करतो. बुडाशी हवा नाही, तिथे आम्ल टिकतं. म्हणूनच ही नळी 18 ते 24 तासांच्या दरम्यानच वाचायची. सकाळी लावून दुपारीच पाहिली तर दोन्हीकडे पिवळं दिसेल आणि लॅक्टोज आंबवणारा समजून टायफीला कचऱ्यात टाकलं जाईल. पुढची पायरी: बहुतेक साल्मोनेला गॅस करतात, टायफी करत नाही, टायफीच्या टीएसआयमध्ये गॅसचा फुगवटा दिसला तर काय समजायचं? जंतू टायफी नाही, किंवा कल्चर शुद्ध नाही. पुन्हा वेगळी कॉलनी उचलायची.

शेवटच्या पायरीवर स्लाइड अ‍ॅग्लुटिनेशन येतं आणि त्यात व्हीआय अँटिजन खोडा घालतो. नुकत्याच वेगळ्या केलेल्या टायफीभोवती व्हीआयचं वेष्टण असलं की ओचं अँटिसीरम त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि अ‍ॅग्लुटिनेशन होत नाही. बायोकेमिकल चाचण्या टायफीच्या, पण ओ-9 निगेटिव्ह, असं दिसलं की आधी व्हीआय अँटिसीरम लावून पाहायचं. ते जमलं तर जंतूंचं द्रावण तापवून वेष्टण घालवायचं आणि ओ-9 पुन्हा करायचं. हा प्रश्न पेढीत असतो, पण बहुधा ‘व्हीआय म्हणजे काय’ एवढाच. व्याख्या विचारणारे परीक्षक कमी आणि ‘अ‍ॅग्लुटिनेशन झालं नाही, आता?’ विचारणारे जास्त.

टायफीचे असे पंचवीस-तीस प्रश्न झाले की पुरे. स्टॅफिलोकोकस आणि क्षय यांनाही साधारण तेवढेच लागतात. काही जंतूंना मात्र सहा-सातच प्रश्न असतात, त्यांना ओढूनताणून तीसवर न्यायची गरज नाही. आणि सख्ख्या शेजाऱ्यांसाठी नवी शिडी बांधायचीच नाही. पॅराटायफी एसाठी टायफीची पूर्ण पाटी उतरवून काढणाऱ्यांच्या पेढीत दोघांची सरमिसळ हमखास होते. त्याऐवजी ‘टायफीपेक्षा वेगळं काय’ एवढ्याच ओळी ठेवायच्या: ग्लुकोजमधून गॅस करतो; एचटूएस सहसा नाही; लायसिन डीकार्बोक्सिलेज निगेटिव्ह, टायफीचा पॉझिटिव्ह; विल्सन-ब्लेअरवर काळ्याऐवजी हिरव्या कॉलनीज. आणि व्हीआय अँटिजन नाही, म्हणून व्हीआयवर बेतलेल्या लसी, जुनी पॉलिसॅकराइडची असो वा नवी कॉंज्युगेट, पॅराटायफॉइडपासून संरक्षण देत नाहीत. लस घेतलेल्याला पुन्हा आंत्रज्वर झाला तर पहिला संशय कुणावर, या प्रश्नाचं उत्तर याच शेवटच्या ओळीत आहे. पेढीत तो टायफीच्या लसीच्या शिडीखालीही यायला हवा आणि पॅराटायफीच्या पाटीवरही, त्यामुळे त्याचे खूणशब्द दोन्हीकडचे द्यावेत.